कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल, तरी गोळ्या कशाला?

गरोदरपणाचा पाचवा महिना लागतो, फाइलमध्ये रक्ततपासणीचा कागद येतो. ‘सीरम कॅल्शियम 9.1’, बाजूला ‘नॉर्मल’. त्याच भेटीत डॉक्टर कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज लिहून देतात आणि ‘व्हिटॅमिन डी कमी असणार’ असंही सांगून टाकतात. घरी परतताना रिक्षातच प्रश्न सुरू होतात. कॅल्शियम नॉर्मल आहे तर गोळ्या कशाला? आणि घामाच्या धारा काढणाऱ्या ठाण्यात ऊन कमी पडायला काय झालं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर आपल्या सोसायटीच्या गच्चीवर आहे, दुसऱ्याचं आपल्या सावलीत.

वरची टाकी कधी रिकामी दिसत नाही

कुठल्याही सोसायटीत पाण्याच्या दोन टाक्या असतात. खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी साठतं, तिथून पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. वरची पातळी उतरली की पंप आपोआप सुरू होतो. त्यामुळे खालची टाकी अर्धी झाली असली तरी तुमच्या नळाला पाणी जोरात येतं. नळ बघून खालच्या टाकीचा अंदाज येत नाही.

शरीरात रक्त ही वरची टाकी आणि हाडं ही खालची. रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलं तर स्नायू आकडतात, झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून शरीर ते काटेकोर सांभाळतं. गळ्यातल्या थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातली पातळी जरा घसरली की त्या संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम वर खेचलं जातं. सीरम कॅल्शियमची चाचणी ही नळ उघडून बघण्यासारखी आहे. ती मुतखड्याचं कारण किंवा पॅराथायरॉइडचे आजार शोधायला उपयोगी पडते. आहारातून पुरेसं कॅल्शियम मिळतंय का, हे ती सांगत नाही.

याच चाचणीचा उलटा घोटाळाही होतो. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून फिरतं. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं आणि अल्ब्युमिनचं प्रमाण उतरतं, म्हणून एकूण कॅल्शियमचा आकडा थोडा खाली दिसतो. रिपोर्टमध्ये 8.3 दिसलं की घरातले धास्तावतात. प्रत्यक्षात शरीराच्या कामाचा, न चिकटलेला भाग बहुतेकदा जागच्या जागी असतो. अल्कलाइन फॉस्फटेज या दुसऱ्या आकड्याचंही तसंच. एरवी तो हाडांची खबर देतो, पण गरोदरपणात वारेतूनही तयार होत असल्यामुळे वाढलेलाच दिसतो.

आता यात व्हिटॅमिन डी कुठे बसतं? महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि वॉचमनने व्हॉल्व्ह उघडला तरच टाकीत पडतं. डी हा आतड्याचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. तो कामावर नसेल तर दूध पिऊनही त्यातलं बरंचसं कॅल्शियम शौचावाटे निघून जातं. म्हणजे कमतरता दोन तऱ्हेची असते: लाइनला पाणीच कमी, किंवा पाणी आहे पण व्हॉल्व्ह बंद. आपल्याकडे बहुतेकदा दोन्ही एकदम असतं.

बाळ किती घेतं?

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात साधारण 30 ग्रॅम कॅल्शियम असतं. त्यातला सुमारे 80 टक्के भाग शेवटच्या तीन महिन्यांत जातो. त्या काळात बाळ रोज अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम उचलतं. (पुढे मिलिग्रॅम म्हणजे मि.ग्रॅ.)

आईच्या सांगाड्यात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातून 30 ग्रॅम गेलं म्हणून हाडं भुसभुशीत होत नाहीत. शिवाय गरोदरपणात आईचं आतडं पहिल्या तिमाहीपासूनच जवळजवळ दुप्पट कॅल्शियम शोषू लागतं, बाळाची मोठी मागणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी. ‘एका मुलामागे एक दात जातो’ हे मात्र खरं नाही. दातांतलं कॅल्शियम परत काढता येत नाही. त्या काळात दात किडतात ते उलट्यांमधल्या आम्लामुळे, हिरड्या सुजल्यामुळे आणि सारखं थोडंथोडं खाल्ल्यामुळे.

मग शरीर इतकं हुशार असताना गोळ्या का? कारण दुप्पट शोषण झालं तरी ते ताटात असेल त्याचंच होणार. शिवाय दुसरं एक कारण आहे, जे डॉक्टर घाईत सांगत नाहीत: ब्लड प्रेशर. विसाव्या आठवड्यानंतर प्रेशर चढणं आणि सोबत लघवीतून प्रथिनं जाणं किंवा यकृत-मूत्रपिंडांवर ताण येणं, याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. ज्या समाजात आहारातच कॅल्शियम कमी असतं तिथे गरोदरपणात ते पुरवलं की हा धोका कमी होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा ठिकाणी दिवसाला दीड ते दोन ग्रॅम सुचवते. तेवढं घेणं जमतं कोणाला, हा प्रश्न होताच. 2024 मध्ये बेंगळुरूतल्या सुमारे 11,000 गरोदर स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. प्री-एक्लॅम्प्सिया टाळण्यात रोज 500 मि.ग्रॅ.चा डोस 1500 मि.ग्रॅ.पेक्षा कमी ठरला नाही. थोडं पण नियमित घेतलेलंही कामाला येतं, असा त्याचा अर्थ. आपला सरकारी कार्यक्रम मधोमध आहे: चौदाव्या आठवड्यापासून 500-500 च्या दोन गोळ्या.

ऐरोलीतल्या एका ताटाचा हिशोब

एक कल्पित उदाहरण घेऊ. ऐरोलीत राहणारी, महापेच्या ऑफिसात कामाला जाणारी, 22 आठवड्यांची गरोदर. खाण्यात काही वाईट नाही, चारचौघींसारखंच आहे.

सकाळ-संध्याकाळच्या चहात मिळून 100 मिली दूध: 120 मि.ग्रॅ. नाश्त्याला पोहे: 20. डब्यात तीन चपात्या: 30. फ्लॉवर-बटाट्याची भाजी: 25. स्टेशनबाहेरचा वडापाव, रोज नाही पण धरू: 25. रात्री आमटी-भात: 35. वाटीभर, म्हणजे 100 ग्रॅम, दही: 120. बेरीज झाली 375.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला रोज 1000 मि.ग्रॅ. लागतं. म्हणजे पोट भरलं, हिशोब मात्र सव्वासहाशेने तुटला. यात दिसतं की भात, गहू, डाळ आणि बटाटा, म्हणजे ताटाचा मोठा भाग, कॅल्शियमच्या नावाने जवळपास कोरा आहे. 375 पैकी 240 दूध-दह्यातून आले. ज्या बाईला डोहाळ्यांत दूध-दह्याचा वासही नकोसा होतो आणि जी चहा कोरा पिते, ती दीडशेच्या आसपासच राहते.

आता ताट बदलून बघू. एक पेला, म्हणजे 200 मिली, दूध: 240. चपातीऐवजी 40 ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी: सुमारे 145. चमचाभर, म्हणजे 10 ग्रॅम, तिळाची चटणी: 120 च्या वर. कागदावर आपण 850 पर्यंत आलो. ‘कागदावर’ म्हणायचं कारण असं की नाचणी आणि तिळातले काही घटक कॅल्शियम धरून ठेवतात आणि ते पूर्ण हाती लागत नाही. पालकाची तर गोष्टच वेगळी. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटने असं बांधलेलं की जेमतेम पाच टक्के शोषलं जातं. दुधातलं साधारण तीस टक्के. लाल माठही त्याच पंगतीतला. कॅल्शियमसाठी पालेभाजी खायची तर मेथी किंवा मुळ्याचा पाला बरा. कोळीवाड्यात मांदेलीसारखी छोटी मासळी काट्यासकट खातात, तो काटा म्हणजेच कॅल्शियम. सुकी मासळी चालेल, पण प्रेशर चढत असेल तर तिच्यातल्या मिठाकडे लक्ष हवं.

ताट सुधारून काही होत नाही असा याचा अर्थ नाही. पण ताटावर सगळा भार टाकला तर रोज कुठेतरी शे-दोनशे कमी पडतात, आणि रविवारी चार पेले दूध पिऊन आठवड्याची भरपाई होत नाही. एका वेळी 500 मि.ग्रॅ.च्या वर गेलं की शोषणाचं प्रमाण घसरतं.

ठाण्यात ऊन कमी आहे का?

ऊन भरपूर आहे, पण डी बनवणारं ऊन वेगळं. त्वचेत डी तयार होतं ते यूव्ही-बी नावाच्या किरणांमुळे. सूर्य खाली असताना हे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात आणि वाटेतच अडतात. त्यामुळे आजी सांगते ते सकाळी सातचं ‘कोवळं ऊन’ अंगाला सुखावतं, डी मात्र त्यातून नगण्य मिळतं.

ओळखायची खूण सोपी आहे. सपाट जागी उभं राहा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ते ऊन कामाचं. ठाणे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यावरून वेळा काढता येतात. मेच्या मध्यावर सावली साडेनऊपासून पावणेचारपर्यंत आखूड असते. डिसेंबरअखेर हा काळ पावणेबारा ते पावणेदोन असा दोन तासांचाच उरतो.

आता आपल्या ऐरोलीच्या बाईचा दिवस यावर ठेवा. सकाळी आठला घर सोडताना सावली लांब. दुपारी बाराला ती काचेच्या इमारतीत. काचेतून ऊन दिसतं, गरम होतं, पण साधी खिडकीची काच यूव्ही-बी जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणून एसी बसच्या खिडकीशी बसून किंवा ऑफिसच्या काचेजवळ उभं राहून उपयोग नाही. संध्याकाळी सहाला उतरते तेव्हा पुन्हा सावली लांब. अंगावर पूर्ण बाह्या, ओढणी, रस्त्यावर टॉवरांची सावली. जून ते सप्टेंबर ढग. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हेच किरण शोषून घेतं, म्हणून तेवढंच डी बनायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो.

सुट्टीच्या दिवशी हिवाळ्यात दुपारी बाराच्या सुमारास गच्चीवर हात-पाय उघडे ठेवून वीसएक मिनिटं बसणं चांगलं. पण सहा महिन्यांच्या गरोदर बाईने मेच्या दुपारी उन्हात बसावं असं कोणी शहाणा सांगणार नाही. चक्कर आणि पाणी कमी होणं हे तिथे डीच्या कमतरतेपेक्षा जवळचे धोके आहेत. शहरात डी गोळीतून द्यावं लागतं ते यामुळे.

खाण्यातून भरपाई होईल का? फारशी नाही. बांगडा, तारली आणि अंड्याच्या बलकात थोडं डी असतं. पिशवीच्या दुधावर निळी ‘प्लस-एफ’ खूण असेल तर त्यात वरून डी घातलेलं असतं, लिटरमागे 200 ते 300 युनिट. रोजची गरज 600 युनिटची धरली जाते. त्यासाठी दोन-तीन लिटर दूध प्यावं लागेल.

पाकिटावरचा कुठला आकडा वाचायचा

इथे शिकलेली माणसंही फसतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘1250 मि.ग्रॅ.’ असतं आणि घरातले म्हणतात, ‘बापरे, एवढा डोस!’ ते 1250 कॅल्शियम कार्बोनेट या क्षाराचं वजन. त्यातलं खरं कॅल्शियम 40 टक्के, म्हणजे 500. पाकिटावर ‘एलिमेंटल कॅल्शियम’ या शब्दांपुढे असतो तो आकडा हिशोबात धरायचा. सायट्रेट प्रकारच्या गोळीत हा वाटा साधारण 21 टक्के असतो. म्हणून सायट्रेटची ‘1000 ची’ गोळी कार्बोनेटच्या ‘1250 च्या’ गोळीच्या निम्म्याहूनही कमी कॅल्शियम देते, किंमत मात्र जास्त असते.

मग सायट्रेट घ्यायचंच कशाला? कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती गोळी जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घ्यायची. ॲसिडिटीसाठी पँटोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी रोज सुरू असेल, तर कार्बोनेट नीट विरघळत नाही. तिथे सायट्रेट बरी, ती उपाशीपोटीही चालते. कार्बोनेटने बद्धकोष्ठ फारच वाढलं तरीही डॉक्टर बदलून देतात. बाकी सर्वांना सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळणारी गोळी पुरते. तिच्यात 500 मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि 250 युनिट डी असतं. दोन गोळ्यांत 1000 आणि 500.

कॅल्शियम, लोह, थायरॉइड आणि मधेच चहा

गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा घरात सगळ्या गोळ्या एकाच डबीत आणि एकाच घोटात चाललेल्या असतात. कॅल्शियम आणि लोह आतड्यात एकमेकांची वाट अडवतात आणि त्यात लोहाचं नुकसान जास्त होतं. दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. चहा-कॉफीही लोह अडवते, म्हणून लोहाच्या आगेमागे तासभर चहा नको.

साधा क्रम असा: नाश्त्यानंतर कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर लोहाची लाल गोळी, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम. दुपारचा चहा साडेचारच्या पुढे ढकलायचा.

थायरॉइडची गोळी असेल तर मात्र हा क्रम मोडतो. ती पहाटे उपाशीपोटी घेतात, आणि कॅल्शियम व लोह दोन्ही तिच्यापासून चार तास दूर हवेत. ऐरोलीच्या बाईला सकाळी सहाला थायरॉइडची गोळी आहे असं धरू. आठच्या नाश्त्याबरोबर कॅल्शियम घेतलं तर ते थायरॉइडच्या गोळीचा परिणाम कमी करेल आणि पुढच्या तपासणीत टीएसएच वाढलेलं दिसून तिचा डोस विनाकारण वाढवला जाईल. म्हणून तिचा चहा आठला, नाश्त्याबरोबर. अकराला लोह. सव्वाला डब्याबरोबर पहिलं कॅल्शियम. साडेचारला चहा. नऊला जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम. ऑफिसातला साडेदहाचा चहा तेवढा सोडावा लागतो, तोच सगळ्यांत जड जातो.

‘एवढं कॅल्शियम घेऊन मुतखडा होणार नाही का?’

जेवणाबरोबर घेतलेलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि बाहेर नेतं, त्यामुळे मुतखडा बनवणारं ऑक्झलेट लघवीत कमी उतरतं. ताटातले 375 आणि गोळ्यांचे 1000 मिळून 1375 होतात. मोठ्या माणसासाठी सुरक्षित धरलेली वरची मर्यादा 2500 आहे. आधी मुतखडा होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. तिथे डोस आणि गोळीचा प्रकार विचार करून ठरतो.

‘बाळाचं डोकं कडक होतं आणि बाळंतपण अडतं’ ही भीती सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकू येते. बाळाच्या कवटीची हाडं जन्माच्या वेळी एकमेकांवर सरकू शकतात, ती त्यांच्यामधल्या मऊ सांध्यांमुळे. आईने गोळी घेतली म्हणून ते सांधे बंद होत नाहीत. उलट एक गैरसमज गोळीच्या बाजूनेही आहे: रात्री पोटऱ्यांत गोळे आले की कॅल्शियम कमी. गोळे येण्यावर कॅल्शियमचा ठोस उपयोग अभ्यासांत दिसलेला नाही. म्हणून गोळे थांबले नाहीत तर ‘गुण येत नाही’ म्हणून कॅल्शियम बंद करायचं नाही, आणि डोस दुप्पटही करायचा नाही.

60,000 ची पुडी

खरी चूक होते ती इथे. डीची पातळी पाहायला ‘25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ ही चाचणी करतात. 20 च्या खाली कमतरता धरतात, 12 च्या खाली जास्त गंभीर. मग काहींना 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडे दिली जाते. 60,000 भागिले सात म्हणजे रोजचे साडेआठ हजार. उपचार म्हणून थोडे दिवस ठीक. पण चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ वाचायचं राहतं, चार पुड्या चार दिवसांत संपतात, किंवा आठ आठवड्यांनंतर कोणी थांबवायला सांगत नाही म्हणून तीच पुडी महिनोन्‌महिने सुरू राहते.

डी चरबीत साठतं, लघवीतून निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम खरोखर वाढतं: सतत मळमळ, तहान, वारंवार लघवी, घट्ट शौच, सुस्ती. पंचाईत अशी की यातली निम्मी लक्षणं गरोदरपणात एरवीही असतात. म्हणून पुडी सुरू असताना उलट्या पुन्हा उसळल्या तर पुड्यांची रिकामी पाकिटं घेऊनच डॉक्टरांकडे जावं. तिथे सीरम कॅल्शियमची चाचणी कामाची ठरते. वरची टाकी ओसंडते आहे का, हे ती बरोबर सांगते.

बाळंत झाल्यावर

सरकारी गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात: गरोदरपणात 360 आणि नंतर 360. बहुतेकजणी दवाखान्यातून घरी आल्यावर थांबवतात, आणि नेमक्या तेव्हाच दुधातून रोज दोन-तीनशे मि.ग्रॅ. कॅल्शियम जायला लागतं. या काळात आईच्या हाडांची घनता काही टक्क्यांनी उतरते. अंगावरचं पाजणं थांबल्यावर ती बहुतांशी भरून येते.

डीच्या बाबतीत बाळ आईवरच अवलंबून असतं. आईकडे कमी असेल तर बाळ जन्मतःच कमी घेऊन येतं, आणि आईच्या दुधात डी फारच थोडं उतरतं. फार कमी असेल तर पहिल्या काही आठवड्यांत बाळाचं कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात. म्हणून बालरोगतज्ज्ञ जन्मापासून रोज 400 युनिट डीचे थेंब देतात. बाटली बदलली की तिच्यावरचा आकडा पुन्हा वाचावा. काही बाटल्यांत 1 मिलीत 400 युनिट असतात, काहींत 800. पहिलीचं माप दुसरीला लावलं तर बाळाला रोज दुप्पट डोस जातो, आणि ड्रॉपर दोन्हींचा सारखाच दिसतो.